बढतीची मागणी: निकाल कसे मांडावेत, केव्हा बोलावे आणि नकार आल्यास काय ठरवून ठेवावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बडोद्यातील आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारी मराठी मंडळी मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काम करताना बढतीचे अर्ज मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत, आणि चांगले काम करणाऱ्या माणसाचा अर्ज केवळ चुकीच्या मांडणीमुळे बाजूला पडताना पाहून वाईटही वाटले आहे. पुढील सर्व उत्तरांत एकच उदाहरण घेतले आहे. मकरपुरा जीआयडीसीतील व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात सीनियर इंजिनिअर असलेल्या एका ताईंचे ते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत.

प्रश्न: माझे काम चांगले आहे हे साहेबांना ठाऊक आहे. मग वेगळा कागद कशासाठी तयार करायचा?

कारण बढतीचा निर्णय बहुधा तुमच्या साहेबांच्या एकट्याच्या हाती नसतो. ते तुमचे नाव सुचवतात. त्यानंतर प्लांट हेड, मनुष्यबळ विभाग आणि लेखा विभाग यांच्या बैठकीत त्या नावाचे समर्थन त्यांनाच करावे लागते, आणि तेव्हा तुम्ही तेथे नसता. ‘मुलगी मेहनती आहे’ एवढेच त्यांच्याजवळ असेल, तर दुसऱ्या विभागाचा प्रमुखही आपल्या माणसाबद्दल तेच सांगतो आणि गोष्ट तेथेच थांबते. तुमचा कागद साहेबांना त्या बैठकीत उपयोगी पडावा यासाठी असतो. म्हणून तो दोन पानांपेक्षा मोठा नसावा आणि त्यातील प्रत्येक आकडा कंपनीच्याच नोंदींतून आलेला असावा.

प्रश्न: निकाल आकड्यांत मांडताना नेमकी चूक कोठे होते?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण बहुतेक अर्ज येथेच कच्चे राहतात.

ताईंच्या कंपनीत फाउंड्रीकडून ओतीव बॉडी येतात आणि त्यांचे मशिनिंग कंपनीत होते. मशिनिंग करताना पृष्ठभागाखालचे ब्लोहोल उघडे पडले की ती बॉडी रिजेक्ट होते. त्यांनी फाउंड्रीत जाऊन वाळूतील ओलाव्याची नोंद प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ठेवायला लावली, कोअरमधून वायू बाहेर पडण्याच्या वाटा वाढवून घेतल्या आणि प्रत्येक लॉटमधील एक बॉडी कापून पाहिल्याशिवाय माल गाडीत चढवायचा नाही, असा नियम घालून दिला. रिजेक्शन कमी झाले. हे काम खरे होते आणि चांगले होते.

पहिल्या मसुद्यात मात्र त्यांनी लिहिले होते की रिजेक्शन ५.८ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले आणि त्यामुळे कंपनीचे साडेबारा लाखांहून अधिक रुपये वाचले. ही दोन्ही विधाने पाच मिनिटांत कोसळली असती.

पहिले विधान कोसळले असते, कारण ५.८ हा आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधील आकडा होता आणि १.९ या वर्षीच्या डिसेंबरमधील. पावसाळ्यात वाळू ओलसर राहते आणि वायूचे दोष वाढतात, हे कारखान्यातील प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणजे त्या घटीतील काही भाग केवळ ऋतू बदलल्यामुळे होता. आम्ही दोन्ही वर्षांतील एप्रिल ते डिसेंबर हे नऊ महिने समोरासमोर ठेवले, म्हणजे दोन्हीकडे पावसाळा आला. सरासरी ४.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आली होती. आकडा लहान झाला, परंतु आता तो कोणी खोडू शकत नव्हते.

दुसरे विधान पैशांचे. दरमहा सुमारे ३,००० बॉडींचे मशिनिंग होत असे. ४.२ टक्के म्हणजे १२६ आणि २.५ टक्के म्हणजे ७५, म्हणजे महिन्याला ५१ आणि नऊ महिन्यांत ४५९ बॉडी वाचल्या. ताईंनी प्रत्येक बॉडीमागे २,७५० रुपये धरले होते; त्यात २,१०० रुपये ओतीव मालाची किंमत होती आणि ६५० रुपये मशिनिंगचा खर्च. पण रिजेक्ट झालेल्या मालाची किंमत कंपनी डेबिट नोट काढून फाउंड्रीकडून परत घेत असे. कंपनीचे खरे नुकसान मशिनिंगच्या ६५० रुपयांचेच होते. त्या हिशेबाने बचत २,९८,३५० रुपये, म्हणजे तीन लाखांच्या आसपास येते. लेखा विभागातील माणसाने बैठकीत ‘डेबिट नोट विसरलात का?’ एवढेच विचारले असते, तरी बाकीचा सारा कागद संशयास्पद ठरला असता.

म्हणून माझा आग्रह असतो की रुपयांतील प्रत्येक आकडा अर्जात घालण्यापूर्वी लेखा विभागातील एखाद्या ओळखीच्या माणसाला दाखवावा आणि तो पैसा खरोखर कोणाच्या खिशातून जात होता हे विचारून घ्यावे.

प्रश्न: त्या सुधारणेत इतरांचाही हात असेल तर ते लिहावे का?

अवश्य लिहावे, आणि स्वतःच लिहावे. या उदाहरणात फाउंड्रीने ऑगस्टमध्ये कोअर सुकवण्याची नवी भट्टी बसवली होती. ती ताईंनी बसवली नव्हती. विरोध करणारा हेच बोट दाखवणार हे उघड होते. म्हणून आम्ही भट्टीपूर्वीचे चार महिने वेगळे काढले. एप्रिल ते जुलै या काळात आदल्या वर्षीचे रिजेक्शन ४.४ टक्के होते आणि या वर्षीचे ३.१ टक्के. भट्टी येण्याआधीच घट सुरू झाली होती आणि ती पावसाच्या जुलैसह टिकली होती. कागदावर त्यांनी सरळ लिहिले की ऑगस्टनंतरच्या सुधारणेत नव्या भट्टीचा वाटा आहे आणि तो वेगळा मोजता आलेला नाही. पुढे त्यांच्या साहेबांनी मला सांगितले की प्लांट हेडनी सर्वांत जास्त वेळ याच ओळीवर थांबून उरलेला कागद विश्वासाने वाचला.

प्रश्न: निकाल उत्तम असूनही ‘अजून वेळ आहे’ असे उत्तर का मिळते?

सध्याच्या पदावरील काम उत्तम आहे, एवढ्यावरून पगारवाढ योग्य ठरते. बढती योग्य ठरण्यासाठी तुम्ही वरच्या पदाचे काम करू शकता, याचा पुरावा लागतो. या दोन गोष्टींची गल्लत अर्जदारही करतात आणि साहेबही.

ताईंच्या कंपनीत असिस्टंट मॅनेजरचे काम म्हणजे फाउंड्रीचे ऑडिट करणे, ग्राहकाची तक्रार आल्यापासून ती बंद होईपर्यंत सांभाळणे, मापात थोडा फरक असलेला माल डेव्हिएशनवर घ्यावा की नाही हे ठरवणे आणि दोन-तीन ज्युनिअरांकडून काम करून घेणे. ही यादी मनुष्यबळ विभागाकडे पदाच्या जबाबदाऱ्यांच्या कागदात असते. मागितली तर मिळते. कोठे नसलीच, तर आज त्या पदावर असलेली व्यक्ती दिवसभर काय करते, ते आठवडाभर नीट पाहून लिहून काढावे.

त्या यादीपुढे ताईंनी वर्षभरातील प्रसंग लिहिले. साहेब तीन आठवडे रजेवर असताना ग्राहकाच्या दोन तक्रारी त्यांनी एकट्याने बंद केल्या होत्या. एका ज्युनिअरला त्यांनी ऑडिटला सोबत नेऊन तयार केले होते आणि आता तो एकटा जाऊ लागला होता. डेव्हिएशनच्या रकान्यापुढे मात्र काहीच नव्हते, कारण तो अधिकार त्यांना कधी मिळाला नव्हता. ती जागा त्यांनी रिकामी ठेवली आणि खाली लिहिले की पुढील तीन महिने त्या आपली शिफारस लेखी देतील व अंतिम सही साहेबांची राहील. रिकामी जागा लपवण्यापेक्षा ती भरण्याची सोय सुचवणे केव्हाही बरे.

प्रश्न: विषय केव्हा काढावा?

एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत अप्रेझलचा फॉर्म मार्च-एप्रिलमध्ये हातात येतो आणि अनेकांना वाटते की मागणी करण्याची वेळ तीच. पण पुढील वर्षाचा मनुष्यबळाचा खर्च आणि कोणत्या विभागात किती बढत्या, याचा अंदाज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत तयार होत असतो. फॉर्म भरताना पहिल्यांदा विषय काढला, तर साहेबांनी आपली नावे तोपर्यंत दिलेली असतात आणि तुम्हाला पुढच्या वर्षाचे आश्वासन मिळते.

आपल्याकडे दिवाळीनंतर कारखाने लाभपंचमीला पुन्हा सुरू होतात. त्यानंतरच्या पंधरवड्यात पहिले बोलणे करावे, ज्यात कागद नसतो आणि मागणीही नसते; पुढील वर्षी वरच्या पदासाठी आपला विचार व्हावा अशी इच्छा आहे आणि त्यासाठी काय दिसायला हवे, एवढेच विचारायचे असते. नंतर उत्तरायणाच्या आधी दोन पानांचा कागद साहेबांच्या हाती द्यावा. म्हणजे त्यांना वाचायला, शंका विचारायला आणि वर बोलायला तीन-चार आठवडे मिळतात. जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरणाऱ्या परदेशी कंपन्यांत हे सारे सुमारे तीन महिने अलीकडे येते, म्हणून आधी आपल्या कंपनीचे वर्ष विचारून घ्यावे.

आठवडा निवडतानाही भान ठेवावे. महिन्याअखेरीची डिस्पॅच, ग्राहकाचे ऑडिट किंवा मोठी तक्रार चालू असताना हा विषय काढू नये.

प्रश्न: आमची कंपनी लहान आहे; शेठच सर्व ठरवतात आणि अप्रेझल वगैरे काही नसते. तेव्हा काय करावे?

तेथे तारखेपेक्षा कंपनीकडे पैसा केव्हा येतो हे महत्त्वाचे असते. मोठ्या ऑर्डरचे पैसे जमा झाल्यानंतर बोलावे, आणि दोन पानांऐवजी एकच पान न्यावे. अशा ठिकाणी मालकाला ‘भाई’ म्हणण्याची रीत असते आणि बोलणे गुजरातीत होते, म्हणून पानावरील मुख्य तीन वाक्ये गुजरातीत बोलून पाहिलेली असावीत. पदाचे नाव देणे मालकाला सोपे वाटते. त्यासोबत अधिकार काय आणि पगार किती, हे मात्र तेव्हाच विचारावे.

प्रश्न: प्रत्यक्ष बोलताना सुरुवात कशी करावी?

ताईंनी केलेली सुरुवात देतो. ‘सर, पुढील वर्षासाठी असिस्टंट मॅनेजर पदाकरता माझ्या नावाचा विचार व्हावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या पानावर नऊ महिन्यांचे निकाल आहेत आणि दुसऱ्या पानावर त्या पदाची जी कामे मी आताच करते आहे ती आहेत. आपण वाचून मला सांगावे की हे वर मांडताना आपल्याला कोठे अडचण येईल.’ शेवटच्या वाक्यामुळे साहेबांना होय किंवा नाही तिथल्या तिथे म्हणावे लागत नाही आणि अडचण तुम्हाला आधीच कळते.

घरचा खर्च, बहिणीचे लग्न, कर्जाचे हप्ते किंवा बरोबरच्या सहकाऱ्याला मिळालेली बढती, यांपैकी काहीही या बोलण्यात आणू नये. या अडचणी खऱ्या असतात हे मी जाणतो, पण वरच्या बैठकीत साहेब त्यांतील एकही वाक्य वापरू शकत नाहीत.

प्रश्न: नकार आला तर पहिल्यांदा काय करावे?

तो कशामुळे आला हे समजून घ्यावे. माझ्या पाहण्यात नकार चार कारणांनी येतो: पद रिकामे नाही, त्या वर्षी पैसा नाही, तुमची तयारी अपुरी वाटते, किंवा वरच्या कोणाचे तरी मत प्रतिकूल आहे. पहिल्या दोन कारणांत तुमच्या कामाबद्दल काही म्हटलेले नसते, आणि तेथे आणखी निकाल दाखवत बसल्याने काही साधत नाही. तिसऱ्यात नेमके काय दिसले म्हणजे तयारी मानली जाईल, हे विचारावे. चौथे कारण कोणी उघडपणे सांगत नाही. दर वेळी वेगळे कारण दिले जाऊ लागले की ते ओळखावे, आणि त्या वरच्या व्यक्तीसमोर तुमचे काम प्रत्यक्ष दिसेल असे एखादे सादरीकरण साहेबांकडे मागून घ्यावे.

मार्चमध्ये ताईंना उत्तर मिळाले की असिस्टंट मॅनेजरची जागा एकच आहे आणि ती भरलेली आहे. म्हणजे हा पहिल्या प्रकारचा नकार होता.

प्रश्न: मग दुसरी मागणी कोणती असावी?

ती बोलायला जाण्यापूर्वीच ठरलेली असावी, कारण नकार ऐकल्यावर मन स्थिर नसते आणि माणूस एकतर काहीच मागत नाही किंवा रागाने भलतेच बोलून जातो. ताईंनी जानेवारीतच तीन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. तीन फाउंड्र्यांच्या मालाची जबाबदारी त्यांच्या नावावर लेखी यावी आणि त्यासोबत लॉट थांबवण्याचा अधिकार मिळावा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मनुष्यबळ विभागासह पुन्हा बैठक व्हावी. आणि त्याच ग्रेडमध्ये पगारात दुरुस्ती व्हावी. पहिल्या दोन मान्य झाल्या, तिसरी झाली नाही.

काय स्वीकारायचे नाही, हेही त्यांनी ठरवले होते. काही कंपन्या अशा वेळी पगार व अधिकार न बदलता केवळ पदाचे नाव देऊ करतात, आणि नव्या पत्रात नोटिसीचा काळ एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेलेला असतो. तीन महिने थांबायला तयार असणारा नवा मालक सहज मिळत नाही. म्हणून पत्रावर सही करण्यापूर्वी नोटिसीचे कलम वाचावेच.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना चार ओळींचा ईमेल पाठवला: काय मान्य झाले, कोणत्या तारखेला पुन्हा भेटायचे आणि त्या दिवशी कोणत्या दोन गोष्टी तपासल्या जातील. साहेबांचे ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर आले, पण ते नोंदीत राहिले. सहा महिन्यांत साहेब बदलले असते, तरी हे बोलणे हरवले नसते.

प्रश्न: राजीनाम्याची भाषा वापरावी का?

हातात दुसऱ्या कंपनीचे पत्र असेल आणि खरोखर जाण्याची तयारी असेल, तरच. नुसती धमकी दिली आणि मग थांबलात, तर पुढील बैठकीत तुमचे नाव ‘जाणारा माणूस’ म्हणून घेतले जाते. पत्र दाखवून मिळवलेल्या वाढीबाबतही मी सावध राहायला सांगतो, कारण मूळ अडचण, म्हणजे पद नसणे, त्या वाढीने सुटत नाही.

प्रश्न: नकारानंतर लगेच नोकरी बदलावी की ठरलेल्या तारखेपर्यंत थांबावे?

येथे एक हिशेब करून पाहावा. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते, आणि रक्कम दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी असते. त्यासाठी मासिक पगाराला २६ ने भागून १५ ने गुणतात. ताई ऑक्टोबरमध्ये रुजू झाल्या होत्या आणि मार्चमध्ये त्यांची साडेचार वर्षे होत आली होती. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा त्यांचा मासिक पगार ३२,००० रुपये होता. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ती रक्कम सुमारे ९२,३०० रुपये होणार होती. मार्चमध्ये रागाने राजीनामा दिला असता तर ती गेली असती. पुन्हा भेटीसाठी त्यांनी ऑक्टोबर निवडला त्यामागे हेही एक कारण होते, आणि ते त्यांनी कोणाला सांगण्याची गरज नव्हती.

थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे मात्र नव्हे. त्या मधल्या काळात त्यांनी हालोल आणि सावली येथील दोन कंपन्यांत मुलाखती दिल्या, त्यामुळे आपल्या कामाला बाहेर काय भाव आहे ते त्यांना कळले. ऑक्टोबरची बैठक दोन आठवडे पुढे गेली. शेवटी फाउंड्र्यांच्या कामासाठी वेगळे पद तयार करून ते जानेवारीपासून देण्याचे पत्र त्यांना मिळाले. मधल्या महिन्यांच्या फरकाची रक्कम मागूनही मिळाली नाही. बैठकीच्या तारखेनंतर महिनाभरात काहीच लेखी आले नसते, तर हालोलची नोकरी घ्यायची, असे त्यांनी घरी ठरवून ठेवले होते.

प्रश्न: हाच कागद दुसऱ्या कंपनीतील मुलाखतीत नेता येईल का?

जसाच्या तसा नेऊ नये. फाउंड्रीचे नाव, मालाचा दर, ग्राहकाचे नाव आणि ड्रॉइंग ही कंपनीची माहिती असते आणि नेमणूक-पत्रातील गोपनीयतेचे कलम तिला लागू होते. ती बाहेर दाखवणाऱ्या उमेदवारावर नवा मालकही विश्वास ठेवत नाही. रिजेक्शन किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आले, किती महिने टिकले आणि तुम्ही स्वतः कोणती तीन कामे केलीत, एवढे तोंडी सांगावे. समोरचा क्वालिटीतील जाणकार असेल, तर तो पुढचा प्रश्न पावसाळ्याचाच विचारेल.